धागा: अरबीतला स़ाद आणि त़ा: घसा नक्की कुठे आवळायचा?

अनुस्वार

अरबीचं व्याकरण आता हाताशी आलंय, अडतंय ते उच्चारावर, आणि तेही एकाच जागी. पुस्तकं स़ाद, द़ाद, त़ा आणि ज़ा या चार व्यंजनांना 'ग्रसनीकृत' म्हणतात, आणि ह़ा व ऐन या दोघांना 'ग्रसन्य'. नावावरून हिशोब सरळ वाटतो: नेहमीचा स घ्यायचा, त्यात थोडा ऐन मिसळायचा, की झाला स़ाद. प्रत्यक्षात तसं केलं की आवाज दाबलेला आणि चिरका येतो, आणि शिकवणारे म्हणतात, "गळा सोड." गळा सोडला की म्हणतात, "हा तर सीन झाला, साधा स."

तर प्रश्न असा, की या चार व्यंजनांत जिभेची ती दुसरी हालचाल नक्की कुठे आणि किती होते? ऐनमध्ये होते तीच का?

लिहिण्याची सोय म्हणून या धाग्यात जाड व्यंजनांखाली टिंब देतोय (स़, द़, त़, ज़). ह़ म्हणजे खोल ह, क़ ख़ ग़ हे पडजिभेपाशी होणारे, आणि ऐनसाठी ऽ.

ध्वनिवेध

तीच नाही, आणि सगळा घोळ त्या नावाने केलाय.

घशाची पोकळी म्हणजे एक जागा नव्हे. स्वरयंत्रापासून पडजिभेपर्यंत ती बरीच उंच नळी आहे. ह़ आणि ऽ या नळीच्या तळाशी होतात. तिथे श्वासनलिकेवर झाकण धरणारी पट्टी मागच्या भिंतीकडे झुकते, स्वरयंत्राच्या तोंडाभोवतालच्या घड्या आवळतात आणि स्वरयंत्र वर उचललं जातं. तुमचा चिरका आवाज नेमका या आवळण्याचा आहे. ऐनला तो हवा, स़ादला नको.

स़ादचं मुख्य काम पुढेच होतं, नेहमीच्या स सारखं. जिभेचं टोक आपल्या जागी असतं, फटही तीच. त्याच वेळी जिभेचा मागचा भाग आणि मूळ मागे सरकून घशाच्या वरच्या टप्प्यात, पडजिभेच्या जरा खाली, मागच्या भिंतीजवळ जातात. जवळ जातात, टेकत नाहीत. जिभेचा मधला भाग खाली बसतो. स्वरयंत्र आहे तिथेच राहतं. दोन हालचाली एकाच क्षणी होतात, एक पुढे आणि एक मागे, आणि मागची तुलनेने सैल असते.

क़ाफमध्ये जिभेची मागची बाजू थेट पडजिभेला टेकते आणि हवा पूर्ण अडते. म्हणजे स़ादची मागची हालचाल ऐनपेक्षा क़ाफच्या जास्त जवळची आहे.

याची खूण शेजारच्या स्वरात मिळते. कैरो किंवा दमास्कसच्या माणसाकडून तीन शब्द म्हणवून घ्या: सार (चालला), स़ार (झाला), ह़ाल (अवस्था). सारमधला आ पुढचा, जवळजवळ 'ॲ'कडे झुकलेला ऐकू येईल. स़ारमधला खोल आणि काळसर. आता ह़ाल ऐका. ह़ तर घशाच्या पार तळातून येतो, पण त्याचा आ सारसारखाच उजळ राहतो. उलट प्रमाण अरबीतल्या कल्ब (कुत्रा) आणि क़ल्ब (हृदय) यांत क़नंतरचा स्वर काळवंडतो. स्वराला काळा रंग जिभेच्या मागे सरकण्यातून येतो, तळाशी आवळण्यातून नाही.

बोट कंठमण्यावर ठेवून तपासता येतं. ह़ म्हणताना कंठमणी वर उडी घेतो. स़ म्हणताना तशीच उडी घेत असेल तर चुकीच्या मजल्यावर काम चाललंय.

खलाशी

एवढं खोलात जायची गरज नाही असं मला वाटतं. जाड त म्हणजे आपला ट. मराठी कानाला त़ा सरळ ट सारखा ऐकू येतो, आणि ट म्हटलं तर समोरच्याला कळतं. आणखी एक, अरबांचा साधा त मला थोडा थ सारखा वाटतो. म्हणजे त ला थ आणि त़ ला ट, झालं काम.

ध्वनिवेध

खलाशी, थ बद्दलचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. बऱ्याच अरबी बोलींत साध्या त नंतर हवेचा झोत निघतो आणि त़ नंतर जवळजवळ निघत नाही. त्यामुळे मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा आहे. आपला अल्पप्राण त हाच त़ ला लागणारा पुढचा अर्धा भाग. इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला तो मुद्दाम शिकावा लागतो.

ट चं मात्र पटत नाही. ट मध्ये जिभेचं टोक वर वळून दातांच्या मागच्या उंचवट्यामागे लागतं. त़ मध्ये टोक वळत नाही, ते दातांपाशीच राहतं. कानाला दोन्ही 'जड' वाटतात, पण जडपणा वेगवेगळ्या कारणाने येतो. तोंडाच्या पोकळीत आवाजाचे जे घुमारे तयार होतात, त्यांतला तिसरा ट मुळे खाली येतो. त़ मुळे दुसरा खाली येतो आणि पहिला थोडा वर चढतो. म्हणून त़ाबऐवजी 'टाब' म्हटलं तर आ फारसा काळा होत नाही, आणि अरबी कान तो बहुतेक वेळा साधाच त धरतो, फक्त विचित्र. संदर्भामुळे कळतं हे खरं, पण ते तुमच्या ट मुळे कळलेलं नसतं.

अनुस्वार

म्हणजे व्यंजन सुधारण्यापेक्षा स्वर सुधारायचा?

ध्वनिवेध

सुरुवात तिथूनच करायची. व्यंजन आधी आणि स्वर नंतर असा क्रम धरला की लोक घशात जोर लावतात. उलट्या क्रमाने जा.

आधी ॲ म्हणा, तो लांबवत हळूहळू आ कडे या, आणि तिथे न थांबता ऑ च्या दिशेने मागे जात राहा. ओठ मात्र गोल होऊ द्यायचे नाहीत, आरसा समोर ठेवा. मागे जाता जाता एक जागा येते जिथे आवाज खोल होतो पण ओठ सपाट आणि गळा सैल असतो. हीच ती दुसरी हालचाल, व्यंजनाशिवाय.

तो स्वर चालू ठेवून जिभेचं फक्त टोक वरच्या दातांमागे टेकवा आणि सोडा. आ-त़ा. बाकी जीभ जागची हलता कामा नये. टोक टेकवताना मागची जीभ पुढे घसरते आणि त ला आवळून ठेवणारी तीच जुनी सवय जागी होते, म्हणून सुरुवातीला स्वर भरपूर लांबवा. त़ जमला की त्याच ठेवणीत टोकाने फट करून सूं सोडा, म्हणजे स़. सूं स्वतः किंचित खालच्या पट्टीत जातो, पण त्यावर भर देऊ नका.

शेवटी ई घ्या. तीन (अंजीर) आणि त़ीन (चिखल). ई साठी जीभ पुढे-वर लागते, त़ साठी मागे, म्हणून त़ीनमध्ये ई ची सुरुवात मागून होते आणि ती सरकत पुढे येते. ही सरक ऐकू येणारच, ती दडपायची नाही. लोक इथे 'त्वीन' म्हणतात, कारण घुमारा खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे ओठ गोल करणं. काही बोलींत ओठ थोडे पुढे येतातही, पण जिभेऐवजी ओठांनी काम केलं तर आ पाशी पितळ उघडं पडतं, आ चा ऑ होतो.

शिरीन

तज्वीद, म्हणजे कुराणपठणातल्या उच्चारांचे नियम, शिकलेल्यांना ही विभागणी ओळखीची वाटेल. आमच्याकडे पठण शिकवताना 'पुर' आणि 'बारीक' असे दोन शब्द वापरतात. पुर म्हणजे तोंड भरून. कायम पुर वाचायची अक्षरं सात: ख़, स़, द़, ग़, त़, क़, ज़. यांना इस्तिअ्ला असलेली अक्षरं म्हणतात, म्हणजे ज्यांत जिभेची मागची बाजू वर चढते ती. या सातांतली स़, द़, त़, ज़ ही चार इत़्बाक़ची, म्हणजे जीभ टाळूकडे झाकणासारखी चढते त्यांची, ती सगळ्यांत जाड.

या यादीत ह़ आणि ऐन नाहीत. दोन्ही हल्क़ची, म्हणजे घशाची अक्षरं, पण वाचायची बारीक. ध्वनिवेध यांनी ह़ालबद्दल लिहिलं तेच हे. ऐनला जोर देऊन पुढचा आ पुर करणं ही पठणातली नेहमी टोकली जाणारी चूक आहे.

ध्वनिवेध

शिरीनताई, हा या धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा. ८व्या शतकातल्या सीबवैही या अरबी व्याकरणकाराने लिहून ठेवलंय, की या चार अक्षरांना जिभेवर दोन जागा असतात. पुढे तो म्हणतो, इत़्बाक़ काढून घेतला तर त़ चा द होईल, स़ चा स, ज़ चा ध़ाल (म्हणजे इंग्रजी 'दॅट'मधला पहिला ध्वनी), आणि द़ाद भाषेतूनच जाईल, कारण त्याच्या जागेवरून दुसरं काही निघत नाही. क्ष-किरण आणि चुंबकीय प्रतिमा यायच्या अकराशे-बाराशे वर्षं आधी दुय्यम हालचाल एवढ्या स्वच्छ शब्दांत मांडलेली आहे.

त्यातली एक गोष्ट आज बुचकळ्यात टाकते. त़ मधून इत़्बाक़ काढला तर त उरायला हवा, तो द म्हणतो. म्हणजे त्याच्या काळचा त़ा आजच्यासारखा अघोष नसावा. आणि द़ाद तर जिभेच्या कडेने, दाढांजवळून होणारा होता. स्पॅनिशमध्ये अल्-क़ाद़ीचा 'आल्काल्दे' झाला, त्यात मधला ल त्या कडेच्या उच्चाराचा माग आहे.

प्रमोद

आपल्या मराठीतही ही अक्षरं आहेतच की. काजी, हजर, अर्ज, जिल्हा, हे सगळे द़ादचे शब्द. साहेबमध्ये स़ाद आहे, वसूलमध्ये आहे. उर्दूतही स्वाद, ज़्वाद, तोय लिहितात. मग चांगल्या उर्दू गझलगायकाचे उच्चार ऐकून शिकता येणार नाही का? त्यांचा खानदानी तलफ्फुज असतो.

शिरीन

प्रमोदजी, उर्दूत ही अक्षरं लिहिण्यात आहेत, बोलण्यात नाहीत. शब्द फारसीतून आले आणि फारसीत द़, ज़ दोन्हींचा इंग्रजी 'झू'मधला पहिला ध्वनी झाला, स़ चा स झाला, त़ चा त. उर्दूत सीन, स्वाद आणि से, तिन्हींचा उच्चार एकच स. गझलेतून ख़, ग़ आणि काही जणांचा क़ मिळेल, आणि तो उपयोगी आहे, कारण क़ ची जागा सापडली की पुर अक्षरांची दिशा कळते. पण स़ मिळणार नाही. ऐनही नाही.

प्रमोद

जिल्ह्यातला ल्हा मग कुठून आला? मूळ शब्दाच्या शेवटी ऐन होता असं वाचलं होतं.

शिरीन

द़िलऽ, हो, शेवटी ऐन. तो ह कसा झाला यावर वेगळा धागा काढा, मला वाचायला आवडेल.

नीलकाठ

ध्वनिवेध यांच्या मांडणीत एक भर, आणि थोडी हरकतही. ते 'स़ नंतरचा आ' म्हणतात. कैरोत हा रंग पुढच्या स्वरापुरता थांबत नाही, बहुधा अख्ख्या शब्दावर चढतो. ऽअत़्शान (तहानलेला) घ्या. जाड अक्षर एकच, त़. कैरोचा माणूस दोन्ही आ काळे म्हणतो, शान सकट. दक्षिण पॅलेस्टाइनच्या बोलीत त़ च्या आधीचा भाग काळा होतो, पण श लागला की रंग तिथेच थांबतो आणि शेवटचा आ उजळ निघतो. तिथे मागच्या दिशेने, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीकडे, रंग बिनअडथळा जातो. पुढच्या दिशेने जाताना ई, य, श, ज हे अडवतात, कारण त्या सगळ्यांत जीभ पुढे-वर लागते. स़य्याद (शिकारी) मध्येही य ने तसंच अडवलेलं ऐकू येईल.

म्हणून माझ्या मते हा गुण त्या व्यंजनाचा म्हणण्यापेक्षा अक्षरसमूहाचा किंवा शब्दाचा आहे, आणि लिपीने तो एका अक्षरावर टांगलाय.

ध्वनिवेध

पसरण्याबद्दल सहमत. पण शब्दाचा गुण म्हटलं तर पॅलेस्टाइनच्या बोलीत तो एका बाजूने मोकळा आणि दुसऱ्या बाजूने अडतो, हे कसं सांगायचं? उगम एका ठिकाणी आहे म्हणूनच दिशा आहे. जीभ मागे न्यायची तयारी आधीच्या स्वरांत सुरू होते, आणि पुढे य किंवा श ने जीभ ओढून घेतली की ती सुटते. मला हे व्यंजनापासून निघणाऱ्या हालचालीचंच वागणं वाटतं.

नीलकाठ

दिशेचा मुद्दा पॅलेस्टाइनला लागू पडतो, कैरोला नाही. आणि अल्लाहचं काय? त्यात चारांपैकी एकही अक्षर नाही, तरी वल्लाहमधला ल जाड आहे.

शिरीन

आणि बिस्मिल्लाहमधला बारीक. आधी इ असेल तर ल बारीक, अ किंवा उ असेल तर पुर, म्हणून अब्दुल्लाह पुर. र चंही स्वरावर ठरतं. र ला अ किंवा उ असेल तर पुर, इ असेल तर बारीक. थोडक्यात, ही हालचाल फक्त चार अक्षरांची मिरासदारी नाही.

वाचा_उपचार

मी वाचा-उपचारात काम करते, त्यामुळे वेगळ्या बाजूने विचारते. टाळू दुभंगलेल्या मुलांत शस्त्रक्रियेनंतरही कधी कधी स च्या जागी घशातून घासलेला आवाज येतो. तो वर्णनावरून ह़ सारखाच आहे. यालाच स़ म्हणता येईल का? तसं असेल तर अरबी बोलणाऱ्या घरातल्या मुलात हा दोष लक्षातच येणार नाही.

ध्वनिवेध

स़ नाही म्हणता येणार. त्या मुलांत नाकाकडे जाणारी वाट नीट बंद होत नाही, तोंडात हवेचा दाब साठत नाही, म्हणून मूल गळतीच्या खालच्या बाजूला, म्हणजे घशात, घर्षण तयार करतं. तिथे पुढची हालचाल उरलेलीच नसते किंवा नावापुरती असते. स़ मध्ये पुढची फट पूर्ण कामाची असते आणि सूं तिथूनच येतो. मागच्या हालचालीतून आवाज निघत नाही, ती फक्त पोकळीचा आकार बदलते.

तुम्हाला तपासायचं असेल तर सूं ऐका. दातांपाशी होणारा सूं पातळ, उंच आणि धारदार असतो, घशातला रुंद आणि फुसका. अरबी घरातल्या मुलात स आणि स़ दोन्ही एकसारखे फुसके आले, तर तो दोषच.

वाचा_उपचार

हे उपयोगी पडेल. म्हणजे सीन आणि स़ाद यांचा फरक टिकलाय का, हे जोडीने तपासायचं.

अनुस्वार

वरचा सराव करून प्राट या ध्वनी मोजायच्या संगणक-प्रणालीत मोजलं. सार आणि स़ार, एकाच बैठकीत, ४४१०० हर्ट्झवर, एका वाहिनीत. स्वराच्या मधोमध मोजण्यासाठी हे वापरलं:

```
Read from file: "saar.wav"
To Formant (burg): 0, 5, 5000, 0.025, 50
f1 = Get value at time: 1, 0.21, "hertz", "linear"
f2 = Get value at time: 2, 0.21, "hertz", "linear"
writeInfoLine: round (f1), " ", round (f2)
```

सारसाठी पहिला घुमारा ६९० आणि दुसरा १३१० आला. स़ारसाठी पहिला ८६० आणि दुसरा २४८०. दुसरा खाली यायचा होता, तो जवळजवळ दुप्पट वर गेला. कानाला मात्र स़ार काळाच वाटतोय. आवाज पुरुषाचा आहे.

ध्वनिवेध

२४८० हा तुमचा दुसरा घुमारा नाही, तिसरा आहे. काळ्या आ मध्ये पहिला वर चढतो, दुसरा खाली येतो, आणि दोघे इतके जवळ येतात की प्राट त्यांना एकच समजतं. म्हणून ८६०, जो दोघांच्या मधला कुठलातरी आकडा आहे, आणि मग पुढचा सापडलेला तो 'दुसरा'. जीभ जितकी छान मागे जाईल तितकी ही चूक होण्याची शक्यता जास्त. वर्णपटाकडे बघा, खाली हजारच्या आसपास एक रुंद काळा पट्टा दिसेल आणि त्याच्यावर बरीच मोकळी जागा. लाल ठिपक्यांची एकच ओळ त्या रुंद पट्ट्याच्या मधून जात असेल तर निदान पक्कं.

दुसऱ्या ओळीतलं `5000` बदलून `4200` करा. घुमारे पाचच ठेवा. कमी पट्ट्यात तितकेच घुमारे शोधायला लावले की जवळचे दोन वेगळे होतात. ही सेटिंग फक्त स़ारला लावून तुलना करू नका, सारही त्याच सेटिंगवर पुन्हा मोजा. आणि ऊ असलेल्या शब्दांवर ही मोजणी करू नका. ऊ चा दुसरा घुमारा मुळातच खाली असतो, फरक फारसा दिसत नाही.

अनुस्वार

४२०० वर सार: ६८० आणि १३००. स़ार: ७२० आणि १०९०. पट्टा खरंच एकच रुंद दिसत होता, आता दोन ओळी वेगळ्या पडल्या. पण फरक फक्त २१० हर्ट्झचा. हा पुरेसा आहे का?

ध्वनिवेध

कमी आहे, पण दोष स़ारचा नाही. १०९० पुरुषाच्या आवाजात चांगला काळा आ आहे. तुमचा सार काळा आहे. मराठी आ मधोमध बसतो, ना पुढे ना मागे, आणि १३०० हा अगदी मराठी आ आहे. कैरो किंवा दमास्कसच्या पुरुषाच्या सारमध्ये हा आकडा १६००च्या आसपास किंवा वरही जातो. अरबी कान दोन टोकं ऐकायला सरावलेला असतो, तुम्ही त्याला एक टोक आणि एक मध्य देताय.

म्हणजे आता स़ सोडा आणि सीनवर काम करा. सार म्हणताना 'बॅट'मधल्या ॲ च्या दिशेने जा, पूर्ण ॲ नाही.

खात्री करायची असेल तर कात्री चालवून बघा. दोन्ही शब्दांत सूं आणि स्वर यांच्या मधली सीमा वर्णपटात स्वच्छ दिसते, म्हणून ही जोडी बरी. सारचा सूं कापा आणि त्याला स़ारचा उरलेला भाग जोडा. काप लहर शून्यावर असताना घ्या, नाहीतर जोडावर टक् असा आवाज येईल आणि ऐकणारा बिचकेल. अरबी बोलणाऱ्याला ऐकवा. बहुतेक जण 'स़ार' ऐकतील, जरी सूं सीनचा आहे. उलट जोडणीही करा.

खलाशी

माझा ट असा मोजला तर तिसरा घुमारा खाली दिसेल ना? करून बघतो.

ध्वनिवेध

दिसेल, पण स्वराच्या मधोमध नाही. ट चा परिणाम मुख्यतः आधीच्या स्वराच्या शेवटी दिसतो, म्हणून 'आटा' म्हणा आणि ट लागायच्या आधीचा तुकडा बघा. तिसरा घुमारा दुसऱ्याकडे झुकताना दिसेल. नंतर 'आत़ा' म्हणून शेजारी ठेवा. एका चित्रात वरची ओळ खाली वाकते, दुसऱ्यात मधली.

नीलकाठ

एक प्रश्न ध्वनिवेध यांना. इतकं सगळं पडजिभेच्या बाजूने जात असेल, तर 'ग्रसनीकृत' हे नाव टाकून 'पडजिभीकृत' का म्हणू नये?

ध्वनिवेध

काही संशोधक तसं म्हणतातही. माझा कलही त्या बाजूला आहे. पण ते पूर्ण मिटलेलं नाही. आवळण्याची जागा बोलीबोलीत आणि माणसामाणसांत थोडी वरखाली होते, काहींत जिभेचं मूळ बरंच खालपर्यंत मागे येतं. शिवाय पहिला घुमारा वर चढतो, ही घशातल्या आवळण्याची खूण आहेच. क़ाफसारखं म्हणता येईल, क़ाफच म्हणता येणार नाही.

शिरीन

अनुस्वार, एका गोष्टीला माझा विरोध नोंदवते. सीन ॲ च्या दिशेने न्या हा सल्ला बोलीभाषेसाठी ठीक, पठणासाठी नाही. पठणात बारीक अक्षराचा आ इतका पुढे नेला की त्याला इमाला म्हणतात, आणि हफ़्सच्या रिवायतीत, म्हणजे आपल्याकडे वाचतात त्या पठणपरंपरेत, तो एकाच ठिकाणी आहे. बाकी सगळीकडे ती चूक धरतात. तुमचा १३००चा आ कदाचित पठणाला जास्त जवळचा असेल.

ध्वनिवेध

माझे आकडे बोलीचे आहेत, मान्य. पण कैरोच्या नामवंत कारींच्या, म्हणजे पठणकारांच्या, पठणातही सीनचा आ मराठी आ पेक्षा पुढचा ऐकू येतो. तो इमाला नक्कीच नाही, पण १३०० देखील नाही.

शिरीन

मिसरी कारींचं खरं असेल. आमच्याकडचे उस्ताद त्याला जास्त म्हणतील. अनुस्वार, तुम्ही शिकताय ते पठण की बोली, ते आधी सांगा.

अनुस्वार

बोली, दमास्कसची. सार पुढे नेऊन पुन्हा मोजतो, आणि सोबत सैफ (तलवार) आणि स़ैफ (उन्हाळा) ही जोडी घेतो. तिथे स्वर स्वतःच पुढे सरकतो, त्यामुळे मधोमध एक आकडा पुरणार नाही असं वाटतं. सुरुवातीला आणि शेवटी असे दोन ठिकाणी मोजू का?

ध्वनिवेध

दमास्कसला त्याचं बहुधा एकच लांब ए होतं, सेफ आणि स़ेफ. तरी दोन ठिकाणी मोजाच. पहिलं ठिकाण सूं संपल्यावर ३० मिलिसेकंदांनी, दुसरं स्वराच्या मध्यावर. स़ेफचा दुसरा घुमारा पहिल्या ठिकाणी बराच खाली आणि दुसऱ्या ठिकाणी सेफच्या जवळ पोचलेला दिसला, तर जीभ बरोबर वागतेय. दोन्ही ठिकाणी सारखाच खाली राहिला तर ए चा ऑ होतोय, ओठ तपासा.